बडोद्यातून पदवी घेतल्यावर माजी विद्यार्थी नोंदणी: ट्रान्सक्रिप्ट, ग्रंथालय आणि ओळखी

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की विद्यापीठाशी जोडलेली तुमची एकेक सोय बंद होत जाते. ओळखपत्राची मुदत संपते, विद्यापीठाचा ई-मेल बंद होतो, ग्रंथालयाचं कार्ड जमा करावं लागतं. पुढे तीन-चार वर्षांनी कॅनडाच्या किंवा अमेरिकेच्या अर्जासाठी ट्रान्सक्रिप्ट लागतं, तेव्हा विद्यापीठाच्या दप्तरात तुमचा जुना मोबाइल नंबर असतो, बंद पडलेला मेल असतो, आणि नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळत नाही. माजी विद्यार्थी म्हणून वेळेवर नोंदणी केली तर यातला बराचसा घोळ टळतो. सगळा मात्र टळत नाही, आणि कुठला टळत नाही हेही आधीच माहीत असलेलं बरं.

हा लेख महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. बडोद्यातल्या खासगी विद्यापीठांमध्ये खिडक्यांची नावं वेगळी असतील, पण कामाचा क्रम हाच राहतो.

१. नोंदणी नेमकी कुठे करताय ते आधी बघा

‘अ‍ॅल्युम्नाय’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात आणि नव्या माणसाची गल्लत इथेच होते.

पहिली म्हणजे विद्यापीठाची स्वतःची नोंदणी. इथे तुमचा पीआरएन, विद्याशाखा, उत्तीर्ण वर्ष आणि आजचा संपर्क एकत्र नोंदला जातो. ही आधी करा.

दुसरी म्हणजे विद्याशाखेची किंवा विभागाची माजी विद्यार्थी संघटना. ही बहुधा स्वतंत्र नोंदणीकृत संस्था असते, तिची वार्षिक किंवा आजीव सभासद फी असते, मेळावे आणि व्याख्यानं ती भरवते. कलाभवनातून शिकलेले अभियंते किंवा फाइन आर्ट्सचे लोक विद्यापीठापेक्षा विद्याशाखेच्या नावाने एकमेकांना ओळखतात, त्यामुळे ओळखी वाढवायच्या असतील तर हीच जागा जास्त कामाची.

तिसरे म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरचे बॅचचे गट. बातम्या तिथेच सगळ्यात आधी कळतात, पण अशा गटात असणं म्हणजे नोंदणी झाली असं नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ट्रान्सक्रिप्ट, डुप्लिकेट गुणपत्रक, पदवी प्रमाणपत्र हे कागद देण्याचा अधिकार विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला आणि कुलसचिवांच्या कार्यालयाला असतो. संघटनेचा सभासद असल्यामुळे कागद लवकर मिळतो असं कुणी सांगून पैसे मागत असेल, तर तिथून उठा. फी भरायची ती विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या नावावरच्या खात्यात, पावती घेऊन. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर भरू नका.

२. फॉर्म उघडण्याआधी हे जवळ ठेवा

- पीआरएन आणि शेवटच्या सेमिस्टरचं गुणपत्रक
- सगळी गुणपत्रकं, एटीकेटीच्या पुनर्परीक्षेची धरून, दोन्ही बाजूंनी स्कॅन केलेली
- प्रोव्हिजनल किंवा मूळ पदवी प्रमाणपत्र
- पासपोर्ट, नसेल तर ज्यावर पूर्ण नाव आहे असं सरकारी ओळखपत्र
- ग्रंथालयाचा आणि विभागाचा ‘नो ड्यूज’ दाखला
- नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत

‘दोन्ही बाजूंनी’ हे मुद्दाम लिहिलं आहे. गुण किंवा ग्रेड कसे मोजले जातात, उत्तीर्ण होण्याची मर्यादा किती, हा तक्ता पुष्कळदा गुणपत्रकाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला असतो. परदेशी मूल्यमापन संस्थेला तोच हवा असतो. फक्त पुढची बाजू पाठवली की ‘श्रेणीपद्धत स्पष्ट नाही’ असं उत्तर येऊन फाइल तिथेच अडकते.

याच वेळी आणखी एक काम उरकून घ्या. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचा अभ्यासक्रम पीडीएफ स्वरूपात उतरवून ठेवा. परदेशात व्यावसायिक परवाना मिळवताना किंवा पुढच्या शिक्षणात क्रेडिट सवलत मागताना विषयवार अभ्यासक्रम मागतात, आणि अभ्यासक्रम बदलला की संकेतस्थळावरून जुनी प्रत काढून टाकली जाते. विद्यापीठाच्या मेलवर गूगल ड्राइव्ह असेल तर takeout.google.com/transfer या पानावरून त्यातलं सगळं वैयक्तिक जीमेलवर हलवता येतं. ही सोय तुमच्या खात्याला चालू आहे का ते खातं बंद होण्याआधीच बघायला हवं. नंतर इलाज नाही.

३. फॉर्म भरताना

ई-मेलच्या रकान्यात वैयक्तिक पत्ता द्या. विद्यापीठाचा देऊ नका, कंपनीचाही नको, कारण नोकरी बदलली की तोही जातो.

उत्तीर्ण वर्षाचा रकाना साधा वाटतो, पण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. समजा परीक्षा एप्रिल २०२२ मध्ये झाली, निकाल जूनमध्ये लागला आणि पदवीदान समारंभ २०२३ मध्ये झाला. इथे २०२२ लिहायचं, म्हणजे शेवटच्या गुणपत्रकावर परीक्षेचं जे वर्ष छापलं आहे ते. पदवीदानाचं वर्ष घातलं तर तुमची नोंद परीक्षा विभागाच्या नोंदीशी जुळत नाही. एखादा विषय राहिला असेल आणि तो नंतर सुटला असेल, तर ज्या परीक्षेत तो सुटला त्या परीक्षेचं वर्ष धरा.

फॉर्ममध्ये पुढचं शिक्षण, नोकरी, कधीकधी पगारही विचारतात. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हे निकष असतात, त्यासाठी विद्यापीठाला ही माहिती लागते. कुठे शिकताय, कुठे नोकरी करताय ते भरा, त्यातूनच पुढे ओळखी निघतात. पगार सक्तीचा नसेल तर रिकामा सोडला तरी चालतो. आधार क्रमांकाची गरज या कामात पडत नाही.

फॉर्म पाठवल्यावर जो नोंदणी क्रमांक किंवा पोच-मेल येतो, त्याची पीडीएफ गुणपत्रकांच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

४. नावाचा घोळ इथेच सोडवा

बडोद्यातल्या मराठी घरांना हा घोळ चांगलाच परिचयाचा आहे. गुजरातेत शाळेत नाव घालताना वडिलांच्या नावाला ‘भाई’ लागतो. घरचे आधार काढताना ‘राव’ लावतात. पासपोर्टवर दोन्ही गळतात. म्हणजे एकाच मुलीचे वडील गुणपत्रकावर ‘मिलिंदभाई’, आधारवर ‘मिलिंदराव’ आणि पासपोर्टवर नुसते ‘मिलिंद’. शिवाय गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकानाच वेगळा. वाचणाऱ्या परक्या कारकुनाला ही तीन माणसं वाटली तर त्याचा दोष नाही.

नोंदणी करताना नाव गुणपत्रकावर आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहा. ‘सध्याचं नाव’ असा वेगळा रकाना असेल तर तिथे पासपोर्टवरचं नाव घाला. रकाना नसेल तर दुसरं नाव शेऱ्यात लिहा, पण दोन नावांची खिचडी करून तिसरं तयार करू नका.

फरक केवळ ‘भाई’चा किंवा क्रमाचा असेल, तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी पुरतं. आडनावच बदललं असेल तर लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. लग्नाशिवाय नाव बदललं असेल तर गुजरात सरकारच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावं लागतं. गुणपत्रकावरच छपाईची चूक असेल, समजा ‘कुळकर्णी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर गळलं असेल, तर दुरुस्तीचा अर्ज पदवी प्रमाणपत्र छापलं जाण्याआधी द्या. पदवीवर चूक उतरली की दुरुस्ती दोन जागी करावी लागते. पदवीदान समारंभाचा अर्ज भरताना नावाचं स्पेलिंग तपासण्याची शेवटची संधी मिळते. ती घाईत घालवू नका.

५. ट्रान्सक्रिप्ट: एक उदाहरण शेवटपर्यंत

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा, विद्यापीठाने सही-शिक्क्यानिशी दिलेला कागद. काही विद्यापीठं स्वतंत्र तक्ता छापून देतात, काही ठिकाणी गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रतींचा संच दिला जातो. अर्ज करण्याआधी, ज्या संस्थेला पाठवायचं आहे तिला दोन्हींपैकी काय चालतं ते बघून घ्या.

आता उदाहरण घेऊ. एका मुलीने २०१९ ते २०२२ या काळात बी.कॉम. केलं. सहा सेमिस्टर, त्यात तिसऱ्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्सची एटीकेटी. २०२३ मध्ये लग्न झालं, पासपोर्टवर नवं आडनाव आलं. आता कॅनडाला कायमस्वरूपी स्थायिक होण्यासाठी तिला डब्ल्यूईएस, म्हणजे वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस या मूल्यमापन संस्थेकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्यायचं आहे.

सुरुवात डब्ल्यूईएसच्या संकेतस्थळावरून करायची, विद्यापीठातून नाही. तिथे खातं उघडलं की संदर्भ क्रमांक मिळतो, आणि पुढचे सगळे कागद त्या क्रमांकाशी जोडले जातात. खातं पासपोर्टवरच्या नावाने उघडायचं, आधीच्या नावाच्या जागी माहेरचं नाव भरायचं आणि विवाह प्रमाणपत्र जोडायचं. देश आणि पदवी निवडली की कुठला कागद कुणी पाठवायचा त्याची यादी पुढे येते. पदवी प्रमाणपत्राची प्रत बहुधा उमेदवाराने अपलोड करायची असते आणि ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून यावं लागतं. यादीबरोबर एक विनंती फॉर्मही मिळतो. त्याचा एक भाग उमेदवाराने आणि एक भाग विद्यापीठाच्या अधिकाऱ्याने भरायचा असतो.

मग विद्यापीठात अर्ज. गुणपत्रकं सहा नव्हेत, सात. एटीकेटीचं नापास दाखवणारं आणि नंतर पास झाल्याचं, दोन्ही लागतात. नापासाचं गुणपत्रक लाजेखातर बाजूला ठेवायचा मोह होतो. पण सुटलेल्या विषयाचं गुणपत्रक वेगळ्या महिन्याचं दिसतं, मूल्यमापन करणारा मूळ प्रयत्न कुठे आहे ते विचारतो आणि फाइल परत फिरते. सात गुणपत्रकं दोन्ही बाजूंनी, म्हणजे चौदा पानं.

अर्जात नाव गुणपत्रकावरचं, म्हणजे माहेरचं. सोबत विवाह प्रमाणपत्राची प्रत. माजी विद्यार्थी नोंदणीत आज चालू असलेला मोबाइल आणि मेल असला की काही राहिलं तर कळवायला कार्यालयाकडे पत्ता असतो, आणि अर्ज करणारी तीच व्यक्ती आहे हे पटवायला तुमच्याकडे एक जास्तीचा पुरावा असतो. या कामात नोंदणीचा फायदा एवढाच, पण परदेशात बसून अर्ज करायची वेळ आली की तो फार मोलाचा ठरतो. अशा वेळी भाऊ किंवा आई कार्यालयात जाणार असेल तर सहीचं अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती द्या. अधिकारपत्रावरची सही पासपोर्टवरच्या सहीसारखी असू द्या.

किती संच मागायचे? डब्ल्यूईएससाठी एक आणि जास्तीचे दोन बंद पाकिटात, असे तीन पुरे. पुष्कळ जण अमेरिकेतल्या सात-आठ विद्यापीठांसाठी एकदम तेवढे संच काढतात आणि पैसे वाया घालवतात. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं अर्जाच्या वेळी स्कॅन प्रतीवर काम चालवतात आणि बंद पाकिटातलं ट्रान्सक्रिप्ट प्रवेश मिळाल्यावर मागतात. प्रत्येकीचं पान वाचा, मग आकडा ठरवा.

पाकीट हातात आलं की तिथेच, खिडकीवरून हलण्याआधी, या गोष्टी बघा:

- पाकिटाच्या तोंडावर, जिथे कागद चिकटवला आहे त्या रेघेवरून अर्धा खाली अर्धा वर असा शिक्का आणि सही आहे का
- पाकिटावर संदर्भ क्रमांक लिहिला आहे का
- विनंती फॉर्म भरून आत घातला आहे का, हे पाकीट बंद करण्याआधी विचारून घेतलं का

पाकीट घरी कुणी कौतुकाने उघडलं तर ते बाद. आत काय आहे ते बघायचं असेल तर एक संच उघड्या पाकिटात मागून घ्या. संस्थेची अट ‘विद्यापीठाने थेट पाठवावं’ अशी असेल, तर तुम्ही स्वतः कुरिअर केलेलं बंद पाकीटही नाकारलं जाऊ शकतं, म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी विद्यापीठाचाच पत्ता हवा. काही ठिकाणी विद्यापीठ थेट इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही पाठवतं. ती सोय असेल तर पाकिटाच्या भानगडीत पडूच नका.

या सगळ्याला किमान दोन महिने हाताशी ठेवा. दिवाळीची सुट्टी, परीक्षांचा हंगाम आणि पदवीदानाचे आठवडे या काळात अर्ज टाकला तर तो मागे पडतो.

कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी हे मूल्यमापन पाच वर्षं ग्राह्य धरलं जातं. पुढच्या वर्षी अर्ज करणार असाल तर आता करून ठेवायला हरकत नाही. नुसता विचार चालू असेल तर घाई नको, कारण मुदत अहवालाच्या तारखेपासून मोजतात.

६. ग्रंथालय: काय मिळतं, काय सुटतं

हंसा मेहता ग्रंथालयात विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या सगळ्या सोयी पदवीनंतरही चालू राहतील असं समजू नका. आधी विद्यार्थी खातं नीट बंद करा: पुस्तकं परत, दंड भरलेला, नो ड्यूज हातात, अनामत परत मिळणार असेल तर तिचा अर्ज दिलेला. जुन्या खात्यावर एक पुस्तक बाकी असेल तर नवं कार्ड तिथेच अडतं, आणि कधीकधी पदवीचा कागदही.

माजी विद्यार्थी म्हणून कार्ड काढताना खिडकीवर चार प्रश्न विचारा. पुस्तक घरी नेता येतं की फक्त तिथे बसून वाचायचं? अनामत किती आणि ती परत मिळते का? वाचनकक्षात परीक्षेच्या दिवसांत माजी विद्यार्थ्यांना बसू देतात का? संगणकावरची नियतकालिकं तिथे बसून वाचता येतात का?

चौथा प्रश्न नीट समजून घ्या, कारण निराशा बहुधा इथेच होते. छापील पुस्तक विद्यापीठाच्या मालकीचं असतं, ते कुणाला द्यायचं हे विद्यापीठ ठरवतं. ऑनलाइन नियतकालिकं मात्र प्रकाशकाच्या करारावर चालतात, आणि त्या करारात ‘सध्याचे विद्यार्थी आणि शिक्षक’ असंच लिहिलेलं असतं. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली, तीही त्या संस्थांत आज शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी. त्यामुळे माजी विद्यार्थ्याला घरून लॉगिन मिळत नाही, यात ग्रंथपालाचा हात नसतो. पुष्कळ करारांत ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन वाचणाऱ्याला मात्र मुभा असते. म्हणून लेखांची यादी घरून करून जा आणि तिथे बसून काम उरका.

घरून वाचायला जे उघडं आहे तेही काही कमी नाही. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगावर भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट आहेत, नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, आणि जेस्टोरवर वैयक्तिक खातं उघडून महिन्याला ठरावीक लेख विनामूल्य वाचता येतात. मराठी पुस्तकं हवी असतील तर मांडवीजवळची सयाजीरावांनी उभारलेली सेंट्रल लायब्ररी सगळ्यांनाच खुली आहे. तिथे जायला माजी विद्यार्थी असण्याची गरज नाही.

७. ओळखी: नावांची यादी नको, एक नेमका प्रश्न हवा

लिंक्डइनवर विद्यापीठाचं पान उघडा आणि त्यातला Alumni हा विभाग निवडा. तिथे गाव, कंपनी, विषय यांनुसार चाळता येतं. बी.ई. मेकॅनिकल करून पुण्यात वाहन उद्योगात जायचं असेल तर ठिकाण पुणे आणि विषय मेकॅनिकल एवढं लावा. यादी मोठी आली तर तुमच्या आधी तीन ते आठ वर्षांत बाहेर पडलेले निवडा. वीस वर्षं ज्येष्ठ माणूस आदराने बोलेल, पण नवशिक्याची भरती आज कशी होते ते त्याला कमी माहीत असतं. कालच लागलेल्याला ते माहीत असतं, पण त्याच्या शब्दाला अजून वजन नसतं.

पहिल्याच संदेशात बायोडेटा जोडून ‘काही असेल तर कळवा’ असं लिहू नका. त्याला उत्तर काय द्यावं ते समोरच्याला कळत नाही, म्हणून तो देत नाही. हे असं लिहा:

‘नमस्कार. मी २०२४ मध्ये आपल्याच विद्याशाखेतून मेकॅनिकल केलं, बडोद्यातच राहते. आपण क्वालिटी विभागातून डिझाइनकडे गेलात असं प्रोफाइलवर दिसलं. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर आधी शिकावं, एवढंच विचारायचं होतं. दोन ओळींत सांगितलंत तरी पुरे.’

मराठीत लिहावं की इंग्रजीत? आडनावावरून समोरचा मराठी असेल असं धरून चालू नका. बडोद्यातली कित्येक मराठी आडनावाची घरं पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीच जास्त लिहितात-वाचतात. पहिला संदेश इंग्रजीत, उत्तर मराठीत आलं तर पुढे मराठीत. ‘दादा’, ‘ताई’ त्यांच्याकडून आपलेपणा आल्यावर. तोवर ‘सर’, ‘मॅडम’ ठीक.

उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करा. उत्तर आलं आणि त्याप्रमाणे तुम्ही काही केलंत, तर महिन्याभराने ते काय झालं ते कळवा. हा दुसरा संदेश फार थोडे लोक पाठवतात आणि तोच ओळख पक्की करतो.

विद्याशाखेच्या मेळाव्याला जाणार असाल तर सभासद यादी आधी मागून घ्या आणि दोनच नावं ठरवून जा. नोकरी किंवा गाव बदललं की विद्यापीठाच्या नोंदणीतही बदल करा, कारण तुमच्यामागून येणारी मुलं तुम्हाला त्याच रकान्यांवरून शोधणार आहेत.